पहिल्या आंघोळीचा निरोप

नवरा होता तोवर पहिल्या आंघोळीचा निरोप नात्यात त्याच्या फोनवरून जायचा. पावणेपाचला, म्हणजे आंघोळ उरकून, कपाळाचं कुंकू ओलं असतानाच. आयती चित्रं पुढे ढकलायची त्याला चीड होती. मजकूर स्वतःचा, आणि याद्या दोन. थोरल्यांच्या यादीला ‘सा. नमस्कार’, धाकट्यांना ‘अनेक आशीर्वाद’. ज्या घरी वर्षात कोणी गेलं असेल, त्या घराचं नाव त्या सालापुरतं काढायचं. दुखवट्याच्या दारी ‘शुभ’ म्हणत जायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. “सूर्य उगवल्यावर आंघोळ करणारा नरकात जातो आणि उगवल्यावर पाठवलेला निरोप कचऱ्यात,” असं तो म्हणायचा.

तो गेल्यावर पहिली दिवाळी तिच्याच दारी दुखवट्याची होती. दुसऱ्या वर्षी तिनं त्याच्याच फोनवरून निरोप पाठवला, खाली दोघांऐवजी तिचं एकटीचं ‘सिस्टर’. अख्ख्या सासरी ती सिस्टरच. चौतीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती, म्हणून दीर, जावा, पुतणे, सगळ्यांना तेच नाव तोंडी बसलेलं. तासाभरात चाळीसेक उत्तरं आली होती. ती दिवसभर वाचत बसली होती. माणसं धरून आहेत, असं तिला वाटलं होतं.

यंदा तो फोन बॅटरी फुगून बंद पडला, रिचार्ज राहिल्यानं नंबरही गेला. मग तिनं त्याची वही काढली आणि दोन संध्याकाळी खपून आपल्या फोनवर दोन्ही याद्या केल्या. थोरले चौदा, धाकटे सत्तावीस. दोन दुखवट्याची घरं त्याआधीच गाळली होती. नवऱ्यासारखंच, एकदा लिहायचं आणि एका दमात सगळ्या यादीला पाठवायचं.

पहाटे पावणेचारला ती उठली. वाटीत सुवासिक तेल कोमट केलं, अंगाला चोळलं. पाठीला मात्र दुसरा हात लागतो. जमेल तेवढं लावलं. उटणं दुधात कालवून अंगाला लावलं. एक तांब्या घेऊन झाल्यावर स्वतःच स्वतःला दिवा ओवाळला आणि राहिलेलं पाणी घेतलं. मग उंबऱ्याशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट चिरडलं, कडू थेंब जिभेला लावला आणि तोंड वाकडं करत फोन हातात घेतला.

‘पहिली आंघोळ झाली. तेलाचा वास अजून हाताला आहे. तुमच्या घरात सुख नांदो, फराळ पोटाला मानवो. सा. नमस्कार. सिस्टर.’ धाकट्यांसाठी शेवटी नमस्काराच्या जागी आशीर्वाद. पावणेपाचला दोन्ही गेले.

तिनं चहा टाकला. पाच वाजता एक उत्तर आलं, धाकट्या दिराचं. पिण्यापायी सगळ्यांनी टाकलेला माणूस तो. तीही त्याच्याशी वर्षातून दोनदा बोलायची. ‘वहिनी, मला आज आलेला हा पहिला निरोप. बहुतेक शेवटचाही. नमस्कार करतो.’

मग काही नाही. साडेपाचला आणखी दोन आली, तिच्या माहेरची. सहा वाजले. उजाडलं, खाली पोरांचे फटाके सुरू झाले. लोक झोपलेत म्हणावं तर या दिवशी कोण झोपतं? तिनं निरोपावर बोट दाबून माहिती उघडली. थोरल्यांत पोहोचला तिघांना, धाकट्यांत सहांना. बाकीच्यांच्या नावापुढे काहीच नाही.

तिची भाची फोनच्या दुकानात काम करायची. तिला फोन लावला.

“मावशी, यादी करून पाठवलास ना? मग तसंच होणार.”

“म्हणजे? नंबर चुकले का माझे?”

“नंबर बरोबरच असतील. पण यादीचा निरोप फक्त त्यांनाच जातो, ज्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर नावानिशी ठेवलेला असतो. नसेल तर जातच नाही.”

“पण मागच्या वर्षी सगळ्यांना गेला होता.”

“तो काकांचा नंबर होता, मावशी.”

सिस्टरनं ‘बरं’ म्हटलं, दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. एक्केचाळिसांतून नऊ गेले की बत्तीस उरतात, हे काही कागदावर मांडायला लागत नव्हतं. या बत्तिसांतल्या निम्म्यांच्या घरी तिनं इंजेक्शनं दिली होती. दोघींची बाळंतपणं काढली होती. थोरल्या दिरांचा पाय साखरेनं चिघळला तेव्हा सहा आठवडे, ड्यूटी संपवून, रोज जाऊन जखम धुतली होती. पण बोलावणं यायचं ते नवऱ्याला. “अरे, सिस्टरला जरा पाठव.” आणि तो म्हणायचा, “पाठवतो.” ती पिशवी उचलून जायची. गरजेची वस्तू कुणाकडे मागायची ते माहीत असलं की झालं. वस्तूचा नंबर कोण लिहून ठेवतो?

मागच्या वर्षीची ती चाळीस उत्तरंही तिला आता वेगळी दिसू लागली. बऱ्याच जणांनी ‘तुम्हा उभयतांना’ लिहिलं होतं. तेव्हा तिनं ते घाईची चूक म्हणून सोडून दिलं होतं.

तरी खात्री करावी म्हणून तिनं एकीला तोच निरोप सुटा पाठवला. थोरल्या जावेला. जाऊबाईंनी लगेच पाहिला. पणतीचं एक चमचमतं चित्र आलं, आणि खाली: ‘धन्यवाद. आपण कोण?’

निरोपाखाली ‘सिस्टर’ लिहिलेलं होतं. तेवढंही वाचलं नव्हतं.

तिनं लिहिलं, ‘तुमच्या मिस्टरांची जखम धुणारी.’ पुसलं. ‘तुमची धाकटी जाऊ,’ लिहिलं आणि पाठवलं. मिनिटाभरात फोनच आला.

“अगं बाई, तू होय. मला वाटलं दुकानाची जाहिरात. नंबर बदललास वाटतं?”

चौदा वर्षं तिचा हाच नंबर होता.

“नाही. तोच आहे.”

“असं का? मग माझ्याच फोनला काहीतरी झालं असेल, पोरं सारखी खेळतात.” जाऊबाई अजिबात अडखळल्या नाहीत. “बरं झालं आलीस लाइनीवर. ह्यांचं कालपासून डोकं जड आहे. फराळाला येशीलच, तर ते रक्तदाबाचं यंत्र घेऊन ये. आणि तुझ्या चकल्या आण. आमच्या यंदा मऊ पडल्यात.”

ओट्यावर डबा बांधून तयार होता: चकल्या, करंज्या, वर कागद लावून चिवडा. दर वर्षी हा पहिला डबा थोरल्यांकडेच जायचा.

“डोकं जड असेल तर आत्ताच डॉक्टरकडे न्या,” सिस्टर म्हणाली. “थांबू नका. मी येणार नाही.”

“म्हणजे संध्याकाळी येतेस?”

“संध्याकाळीही नाही.”

मग जाऊबाईंचा आवाज, फोनपासून दूर, घरातल्या कुणाला तरी सांगणारा: “रागावल्यात सिस्टर. एका मेसेजवरून.” आणि फोन बंद.

एका मेसेजवरून. संध्याकाळपर्यंत हे बत्तीस घरी पोहोचेल, आणि त्याला कुणाचा नंबर जवळ असायची गरज पडणार नाही, हे तिला माहीत होतं.

तिनं धाकट्या दिराला फोन लावला. तो घरी आहे का विचारलं. आहे म्हणाला, पण आवाज सकाळीच जड होता. तरी ती डबा घेऊन गेली. त्यानं दार उघडलं, तिला पाहून ओशाळला आणि खुर्चीवरचे कपडे उचलले. आंघोळ झालेली नव्हती. तोंडाला वास येत होता. त्यानं एक चकली खाल्ली, वाकून नमस्कार केला आणि मान खाली घालूनच विचारलं, “वहिनी, बाकी सगळे बरे आहेत ना? काय म्हणतात?”

“बरे आहेत,” ती म्हणाली. “सगळ्यांनी शुभेच्छा दिल्यात.”