मेहुण्याच्या बरोबरीने

धाकट्याने माल पोचवायची गाडी कर्जावर घेतली, तेव्हा सहअर्जदार म्हणून मेहुण्याला घेतलं आणि शिंपीकाम करणाऱ्या थोरल्या भावाला नुसतं जामीनदार केलं. सख्खा भाऊ मागे आणि बायकोचा भाऊ पुढे, हे दोन वर्षं थोरल्याच्या पोटात दुखत होतं.

हप्ते थकले, बँकेची नोटीस आली, तसा तो टेप गळ्यात ठेवूनच बँकेत पोचला.

"त्या सहअर्जदाराला धरा. मी फक्त सही केलीय."

"ते तर कर्जदारच आहेत, त्यांच्याकडे मागितलंच आहे," कर्जविभागातल्या बाई म्हणाल्या. "पण हप्ते थकले की जामीनदाराकडूनही सगळी रक्कम मागता येते. आधी त्यांच्याकडून वसूल करू, मग तुमच्याकडे येऊ, असं बँकेला बंधन नाही."

"मग गाडीत माझा वाटा?"

"नाही. गाडी त्या दोघांच्या नावावर आहे."

थोरल्याचा जळफळाट झाला. "मग नोटीसही त्या मेहुण्यालाच आधी पाठवलीत का?"

"सगळ्यांना एकाच दिवशी. रक्कमही तीच."

थोरल्याच्या काळजाला थंडावा मिळाला. शेवटी मेहुण्याच्या पंगतीला बसलो म्हणायचं. मग त्याने पहिल्यांदाच नोटिशीतला आकडा वाचला, आणि गळ्यातली टेप त्याला आवळल्यासारखी वाटू लागली.