नळासारखी फिरवलेली चकती

ताईचा घसा ऐन कार्यक्रमाच्या दिवशी बसला. "दार लाव" म्हणाली, तरी दारच करकरल्यासारखं वाटलं. शाळेतलं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि एकटीने गायचं पहिलंच गाणं.

"वरचा सूर लागत नाहीये," शेवटच्या तालमीत सर म्हणाले. "एक तर पट्टी उतरवा, नाहीतर गाणं राहू द्या."

उतरवणार कोण? पियानोवर धाकटी बहीण, भिंगरी. शिकायला लागून जेमतेम चार महिने, आणि गाणं पाठ फक्त डी मेजरमध्ये. घरच्या कीबोर्डला पट्टी बदलायचं बटण होतं. सभागृहातल्या म्हाताऱ्या पियानोला बटण सोडा, एक पायसुद्धा धड नव्हता.

"चकती आहे ना? दोन घरं सरकव," एवढं सांगून सर माइकवाल्याकडे पळाले.

भिंगरीने दप्तरातून पुठ्ठ्याची चकती काढली. सरांनी सगळ्या नवशिक्यांकडून करून घेतलेली. खालच्या थरावर घड्याळासारखं पंचमांचं वर्तुळ, प्रत्येक घरात एक पट्टी: बाराला सी, एकला जी, दोनला डी. प्रत्येकीखाली शार्पचा, म्हणजे चढ्या स्वरांचा, आकडा: सीला शून्य, मग उजवीकडे घरागणिक एकेक वाढतो. प्रत्येक मेजरच्या पोटात त्याचा मायनर, जरा उदास वाजणारा भाऊ; दोघांचे शार्प तेच, एकाच चुलीचं जेवणारे. वरच्या चकतीला चार खिडक्या: मधलं घर, त्याचे दोन शेजारी आणि आतला मायनर. आत्ता त्यांतून डी, जी, ए आणि बी मायनर डोकावत होते. अख्खं गाणं या चार कॉर्डवर, म्हणजे एकदम दाबायच्या स्वरांच्या झुपक्यांवर, चाललं होतं.

पट्टी उतरवायची ना? मग नळ बारीक करतात तशी तिने चकती उजवीकडे फिरवली. दोन घरं. खिडक्यांत ई, ए, बी आणि सी शार्प मायनर आले. बोटं अडखळत काळ्या पट्ट्यांवर चढली. ताईने तोंड उघडलं आणि दुसऱ्याच ओळीला मिटलं.

"माझा घसा बसलाय, आणि तू मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतेस?"

भिंगरीचे कान तापले. तिने ई खालचा आकडा वाचला. चार शार्प! दोनाचे चार झाले होते. उजवीकडे दोन घरं म्हणजे एक स्वर वर. अगं बाई, हा नळ नाहीये.

मग ती डीवर परत आली आणि तिथून डावीकडे दोन घरं गेली. सी. शेजारी एफ आणि जी, पोटात ए मायनर. तिने पट्ट्यांकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. चारही कॉर्डमध्ये काळी पट्टी औषधालाही नव्हती.

"ताई, गा. आता पांढऱ्याशुभ्र रस्त्याने जायचंय."

ताईने भीत भीत सूर लावला. वरची जागा आली, आली, आणि ती चक्क तिथे पोचली, जरा खरखरीत पण सुरात. दारात उभ्या सरांनी फक्त मान डोलावली आणि कार्यक्रमपत्रिका घडी घालून खिशात ठेवली. ताईचं नाव खोडायचं पेन त्यांनी काढलंच नव्हतं.

संध्याकाळी टाळ्या संपल्यावर ताई पडद्यामागे धपकन बसली, घामाने थबथबलेली.

"भिंगरे, चकती दे."

"का, अजून उतरवायचंय?"

"वारा घ्यायचाय."