तिसऱ्या अंकातली खुर्ची

"बसा, मैनाताई! खुर्ची काही चावत नाही!" दत्ताराम मास्तर खेकसले.

मैना पुन्हा खुर्चीपाशी येऊन थबकली. नाट्यस्पर्धा तोंडावर आलेली, महाडच्या शाळेत रोज तालीम, आणि तिसऱ्या अंकातलं एवढंसं बसणं काही जमेना. जमणार तरी कसं? खुर्ची तिच्या सासऱ्यांची होती. मामंजी पोलादपूरला गेलेले पाहून सदूने, तिच्या नवऱ्याने, ती गुपचूप उचलून आणली होती. मैनेचं नाटकात काम करणंही असंच, त्यांना न विचारता चाललेलं.

"ऐका," मास्तर म्हणाले. "गिरगावातलं दोन खोल्यांचं घर. दोन अंक ही आई स्वयंपाकघराच्या दारातूनच बोलते. वाक्यं तरी कसली? 'चहा ठेवू का', 'पानं घेतलीत'. बाहेरची खोली बापाची. तो पोराला घराबाहेर काढतो, तेव्हा ही पहिल्यांदा दार ओलांडते आणि त्याच्या खुर्चीत बसते. आधी बसणं, मग बोलणं. इथं अडखळलात की नाटक पाण्यात!"

"माझी खुर्ची हाय ना ती?"

मैनेने वळून पाहिलं. दारात मामंजी, महिपती, उभे होते. वहाणांवर प्रवासाची धूळ तशीच. विंगेत प्रॉम्प्टिंगला बसलेल्या सदूने पुस्तकात तोंड खुपसलं.

"दाखवा की मग, काय करता तिचं," म्हणत महिपती मागच्या बाकावर टेकले.

आता संपलंच सगळं, मैनेला वाटलं. उद्यापासून घराबाहेर पाऊल नाही. मग मरू दे, एकदा तरी पुरतं करते! ती स्वयंपाकघराच्या दारातून सरळ बाहेर आली आणि खुर्चीत बसली.

"ऊठ," बापाचं काम करणारे कुशाबा गरजले. "ती माझी जागा आहे."

"ठाऊक आहे. इतकी वर्षं मीच पुसतेय ती. आज बसून बोलते. पोरगा कुठंही जाणार नाही."

आवाज जरासुद्धा कापला नाही. तिने मान वर केली तेव्हा मागचा बाक रिकामा होता.

घरी आली तर महिपती ओटीवर, खुर्चीच्या रिकाम्या जागेपाशी उभे. मैना आत गेली आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"चहा ठेवू का, मामंजी?" बोलली आणि तिने जीभ चावली.

"मग तो बाप काय म्हणतो?"

"काही नाही. नुसता उभा राहतो. पडदा पडतो."

महिपतींनी खुर्चीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"तुझ्या सासूनं जन्मभर पुसली ती खुर्ची," ते म्हणाले. "बस म्हणून कधी म्हटलं नाय मी. स्पर्धा होईस्तोवर राहू दे तिथंच."

भिंतीशी उभे केलेले पाट त्यांनी उचलले. एक स्वतःला घेतला. दुसरा समोर मांडला.

"ठेव चहा," ते म्हणाले. "दोघांचा."