दारातून माघारी

शाळेच्या बसचालकाला छातीत ठोका चुकल्यासारखं व्हायचं. ईसीजी पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोका चुकत नाही, एखादा वेळेआधीच पडतो. मग जरा थांबून पुढचा जोरात पडतो. हृदय धडधाकट असेल, तर सहसा धोका नसतो. कधी शुद्ध हरपली होती?"

"छे!" नोकरीच्या धास्तीने तो म्हणाला.

तो निघाला, तशा बाई हसून म्हणाल्या, "पोरांना सांभाळून न्या हं, दादा."

तो शरमेने जागीच थिजला. मग माघारी फिरला.

"खोटं बोललो, बाई. परवा जिन्यात धडधडलं आणि कोसळलो."

बाईंचं हसू मावळलं. "मग गोष्ट वेगळी. सगळ्या तपासण्या होईपर्यंत बस चालवायची नाही."

त्याने खाली मान घालूनच होकार दिला.