कुत्र्याच्या बक्षिसाचे दहा गुण

कायद्याच्या पेपराच्या मुख्य परीक्षक बाईंचं एकच म्हणणं असे: मुद्दा, नियम, नियम लावणं, निष्कर्ष. दोन, तीन, चार आणि एक गुण. बाकी सगळं पाल्हाळ.

यंदाचा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला होता. हरवलेला कुत्रा घरी आणून देणाऱ्याला बक्षीस, अशी मालकाने पाटी लावली. शेजाऱ्याला कुत्रा सापडला. तो घेऊन मालकाच्या फाटकाशी आला, तिथे पाटी वाचली आणि मग घंटी वाजवली. त्याला बक्षीस मागता येईल का? बाईंचं नमुना उत्तर: नाही, कारण कुत्रा सापडला तेव्हा त्याला प्रस्ताव ठाऊकच नव्हता.

तपासणीच्या हॉलमध्ये नव्या तपासनीसाने एक उत्तरपत्रिका पुढे सरकवली. त्याने दिलेले गुण होते दोन. शीर्षक नाही, अधोरेखन नाही, नुसते परिच्छेद. त्यात निष्कर्षही उलटा. दुसऱ्या हातात चार ठसठशीत शीर्षकांची पत्रिका होती, आठ गुणांची.

बाईंनी आधी आठवाली उघडली. ‘नियम लावणं’ या शीर्षकाखाली एकच ओळ होती: वरील नियम या प्रकरणास लागू होतो. कसा, ते गुलदस्त्यात.

मग परिच्छेद. मुद्दा शोधायला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जावं लागलं. नियम चोख होता: प्रस्ताव माहीत नसताना तो स्वीकारता येत नाही. पुढे लिहिलं होतं, ‘पण बक्षीस सापडण्याचं नाही, घरी आणून देण्याचं आहे. घंटी वाजवण्याआधी त्याने पाटी वाचली होती. म्हणजे काम पुरं होण्याआधी त्याला प्रस्ताव कळला होता.’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, आपला प्रश्न पुन्हा वाचला. फाटकाची ओळ त्यांनी नुसती रंगत यावी म्हणून घातली होती.

“चूक कुणाची?” तपासनीसाने हळूच विचारलं.

“माझी,” बाई म्हणाल्या. “पण गुण त्याला द्यायचे आहेत.”

मुद्दा उशिरा आणि अर्धवट, म्हणून एक. नियमाचे तीन, लावण्याचे चार, निष्कर्षाचा एक. दोनाचे नऊ झाले. शीर्षकवाली आठावरून पाचावर आली. शिवाय ‘नाही’ म्हणणाऱ्यानेही फाटकाचा विचार करून कारण दिलं असेल तर त्याला पूर्ण गुण, असं ठरलं. त्यामुळे तपासलेल्या एकशे सत्तर पत्रिका पुन्हा उघडाव्या लागल्या. तपासनीस दोन दिवस बाईंशी कामापुरतंच बोलला. अर्ध्या पत्रिका बाईंनी स्वतः ओढून घेतल्या, तेव्हा कुठे त्याने त्यांना चहा विचारला.

निकाल लागला. आठवड्याने फेरतपासणीचा एकच अर्ज आला, तोही नऊवाल्याचा. राहिलेला एक गुण कुठे गेला, अशी त्याची विचारणा होती. चांगले चार परिच्छेद.

बाईंनी तो दोनदा वाचला. त्यातही मुद्दा तिसऱ्या परिच्छेदातच होता.