गुंगीच्या रकान्यातली नोंद

सोमवारी सकाळी सात वाजता नर्स उनाइसी दोन दिवसांची सुट्टी संपवून अतिदक्षता विभागात कामावर आली, तेव्हा दोन नंबरच्या खाटेवरच्या इलियेसाला एकशे दोन ताप होता. श्वासाच्या नळीतून ओढून काढलेला कफ घट्ट आणि हिरवट होता. रातपाळीच्या नर्सने यंत्रातला ऑक्सिजन पस्तीस टक्क्यांवरून साठवर नेला होता.

इलियेसा ऊस वाहणारा ट्रक चालवायचा. बा नदीचा पूर ओसरल्यावर घरातला गाळ त्याने अनवाणी उपसला आणि आठवड्याभरात लेप्टोने, पुराच्या चिखलातून होणाऱ्या तापाने, त्याला धरलं. फुफ्फुसांत रक्त उतरलं, लघवी बंद झाली. पहिले सहा दिवस तो जातो की राहतो असं होतं. सातव्या दिवसापासून मात्र गाडी रुळावर आली. रक्त थांबलं, रक्तदाबाचं औषध सुटलं, लघवी सुरू झाली. त्याची बायको मेरेवाई बाहेरच्या बाकावर चटई टाकून बसलेली असायची. तिला ही बातमी उनाइसीनेच सांगितली होती.

या विभागात सहा खाटा आणि पाच व्हेंटिलेटर. प्रत्येक व्हेंटिलेटरवरच्या रोग्यासाठी रोज सकाळी एक कागद भरायचा. गुंगीचं औषध थांबवून पाहिलं का आणि रोग्याला ते सोसलं का, हा पहिला प्रश्न. मग ऑक्सिजन चाळीस टक्क्यांच्या आत आहे का, फुफ्फुसं उघडी ठेवणारा दाब आठच्या आत आहे का, रक्तदाब टिकून आहे का, रोगी स्वतःहून श्वास ओढतो का, खोकला येतो का. सगळं जमलं तर यंत्राचा आधार अगदी कमी करून अर्धा तास रोग्याला त्याच्या दमावर सोडायचं. तेही जमलं तर डॉक्टरांनी नळी काढायची. पहिल्याच ओळीत ‘सोसलं नाही’ असं आलं की पुढच्या चाचणीपर्यंत कुणी जातच नसे.

उनाइसीने ताप लिहिला, मग फळीवर लावलेले मागचे कागद चाळले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. ऑक्सिजन पस्तीस, दाब पाच, रक्तदाब चांगला, श्वास स्वतःचा, खोकला आहे. चारही दिवस सारखंच. आणि चारही दिवस पहिल्या ओळीत तेच शब्द होते, ‘थांबवलं. सोसलं नाही.’

गुरुवारचे ते शब्द तिचेच होते आणि खरे होते. त्या दिवशी एक नर्स आलीच नव्हती. उनाइसीकडे इलियेसाखेरीज चार नंबरची बाळंतीण होती, आणि तिला झटके येत होते. औषध थांबवल्यावर अर्ध्या तासात इलियेसा डोळे फाडून उठू पाहू लागला आणि त्याने नळीला हात घातला. उनाइसीने हात बांधले, औषध पुन्हा सुरू केलं. नियमाप्रमाणे ते निम्म्याने सुरू करायचं असतं. तिने पूर्ण सुरू केलं आणि बाळंतिणीकडे धावली.

शुक्रवारी तिने औषध थांबवलंच नाही. कालचा गोंधळ पुन्हा नको म्हणून कालचीच ओळ उतरवून काढली. शनिवारी दुसरीने तिची उतरवली, रविवारी तिसरीने दुसरीची.

ती कागद घेऊन डॉक्टर आरिश्मांकडे गेली. डॉक्टर तरुण होत्या, राजधानी सूवाहून नुकत्याच आलेल्या. त्यांनी चारही कागद दोनदा वाचले.

“शुक्रवारची फेरी मीच घेतली होती,” त्या म्हणाल्या. “पहिली ओळ वाचली आणि पुढे गेले. यंत्राशेजारी उभी होते मी, पण औषधाच्या पंपाकडे बघितलं नाही.”

मुख्य नर्स तोरिका बावीस वर्षं त्या विभागात होत्या. त्यांनी उनाइसीला भांडारात नेऊन दार लोटलं. न्यूमोनिया नळीवरच्या कुणालाही होतो, शुक्रवारी नळी निघालीच असती असं कोण छातीठोक सांगणार, असं त्या समजावत राहिल्या. कागदाची चौकशी त्या करणारच होत्या, पण घरच्यांना सांगायला त्यांचा विरोध होता.

“उना, त्या बाईच्या हातात हा निखारा देऊन तुला काय मिळणार? तुझं मन हलकं होईल आणि तिचं जळत राहील.”

उनाइसी दार उघडून खाटांकडे परतली. दुपारपर्यंत ती काम करत राहिली. पण दुपारी डॉक्टरांनी मेरेवाईला बोलावून नवीन संसर्गाचं सांगितलं, तेव्हा मेरेवाईने डॉक्टरांकडे न बघता उनाइसीकडे बघितलं.

“सिस्टर, तुम्ही तर म्हणाला होतात तो सुधारतोय. मग तेव्हाच का नाही काढली नळी?”

डॉक्टर बोलायला लागल्या, पण उनाइसीने आधी तोंड उघडलं. गुरुवारी तो जागा होऊन झगडला तेव्हा औषध पूर्ण सुरू करून मी झटके येणाऱ्या बाळंतिणीकडे गेले, शुक्रवारी त्याला पुन्हा जागं करून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही आणि केलं असं लिहिलं, एवढं तिने सांगितलं. माझं बघून इतरांनीही तेच लिहिलं. जागा केला असता तर नळी निघाली असतीच असं नाही, पण बघायचीही संधी त्याला मिळाली नाही.

मेरेवाईने विचारलं, “गुरुवारी त्याला सोडून गेलात, ती बाई जगली का?”

“हो. मूलही आहे.”

“बरं,” मेरेवाई म्हणाली आणि बाहेर जाऊन चटईवर पडली. भिंतीकडे तोंड करून.

प्रतिजैविकं बदलली. गुरुवारी ताप उतरला, ऑक्सिजन चाळीसच्या आत आला. शुक्रवारी सकाळी उनाइसीने स्वतः औषध थांबवलं आणि खाटेशेजारून हलली नाही. इलियेसाने डोळे उघडले. तो झगडला नाही, कारण झगडायला अंगात काही उरलंच नव्हतं. त्याला बोटं दाबायला सांगितली, त्याने कशीबशी दाबली. ओळीमागून ओळ ती खरं बघून भरत गेली. खोकल्याच्या ओळीत तिने ‘क्षीण’ लिहिलं. डॉक्टरांनी विचार करून आधार कमी केला.

मेरेवाईला आत घेतलं होतं. तिने त्याचा पाय धरला आणि त्यांच्या गावच्या बोलीत त्याला हळूहळू काही सांगत राहिली. पहिली पाच मिनिटं मिनिटाला चोवीस श्वास होते. आठव्या मिनिटाला तीस. मग कपाळावर घाम आला, मानेचे स्नायू ताठरले. बाराव्या मिनिटाला बेचाळीस झाले, तसा डॉक्टरांनी पुन्हा पूर्ण आधार सुरू केला.

“उद्या पुन्हा बघू,” डॉक्टर म्हणाल्या. सोळा दिवसांत छातीचे स्नायूही वाळून जातात, हे त्यांनी मेरेवाईला समजावून सांगितलं. शनिवारी, रविवारीही बघितलं. दोन्ही दिवशी तो पंधरा मिनिटांच्या पुढे गेला नाही. मंगळवारी जंतू रक्तात उतरले आणि बुधवारी दुपारी जेवणाच्या वेळेला इलियेसा गेला.

तोरिकांच्या चौकशीत उनाइसीला लेखी ताकीद मिळाली, इतर दोघींनाही मिळाली. डॉक्टर आरिश्मांनी वरिष्ठांना पत्र लिहून आपलंही नाव त्यात घातलं. पहिली ओळ आता फेरीत मोठ्याने वाचतात आणि वाचणारा पंपावर हात ठेवून वाचतो. नर्सा मात्र पूर्वीइतक्याच कमी आहेत.

शनिवारी उनाइसी आईने विणलेली चटई घेऊन इलियेसाच्या गावी गेली. बायकांनी मयताच्या रीतीप्रमाणे चटई घेतली, तिला बसवलं, चहा दिला. मेरेवाई शवपेटीजवळ होती. तिने एकदा वर बघितलं आणि मान खाली घातली. जा म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. उनाइसी दाराजवळ मांडी घालून बसली. भजनं संपून माणसं पेटी उचलायला उठली, तेव्हा सगळ्यांबरोबर तीही उठली आणि दफनभूमीपर्यंत मागोमाग चालत गेली.