पळणाऱ्या ओळी

पुढचं वाचून तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणा. मी तोंड उघडायच्या आत माझ्या सख्ख्या पुतणीनेही भुवया उंचावल्या होत्या.

ती माझा जुना कॉम्प्युटर नीट करायला आली होती. कंपन्यांच्या रखडलेल्या एक्सेल फायली आणि त्यांतले मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम, मार्गी लावणं हाच तिचा धंदा. महिन्यातून एखादी दुपार माझ्यासाठी काढते. एरवी या खोलीत मी बोलतो आणि टेबलफॅन ऐकतो. तोही सारखा नाही-नाही अशी मान हलवतो.

"मॅक्रो स्लो म्हणजे किती स्लो, ते तू पाहिलेलंच नाहीस," मी म्हणालो.

"काका, थापा सुरू करायच्या आधी चहा घ्या. गार होतोय."

"थापा? अगं, आमच्या गोदामातला मॅक्रो लावला ना, की कोळी माऊसपासून कपाच्या कानापर्यंत जाळं विणायचा, त्यात माशी पकडायचा, खायचा आणि ढेकर देऊन निघून जायचा. मी सकाळी दाढी करून बसायचो आणि काम संपेपर्यंत दाढीत कंगवा फिरायचा."

ती हसली. ती हसली की खोली थोडी लहान वाटते, बरी वाटते.

गोदाम नळ-पाइपांचं. आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या मालाची एकेक ओळ उचलून तो मॅक्रो मुख्य यादीत टाकायचा. एक आकडा पडला की फायलीतले सगळे फॉर्म्युले पुन्हा आकडेमोड करायचे, पडदा पुन्हा रंगायचा, मग कुठे पुढची ओळ. बाकीची माणसं कमी केलेली. रिकाम्या टेबलांच्या रांगेत मी एकटा त्या लुकलुकीकडे बघत बसायचो. यादी निघाल्याशिवाय ट्रक भरता यायचे नाहीत आणि कुलूप लावायला दुसरं कोणी नव्हतं.

"आणि नेमकं त्या दिवशी," मी पुतणीला सांगितलं, "तुझा दादा जाणार होता."

तिचं हसू थांबलं. माझा मुलगा परदेशात कायमचा निघाला होता. त्याची गाडी आमच्या स्टेशनावर इंजिन बदलायला थांबायची, तेवढीच भेट. 'बाबा, मी खाली उतरतो, तुम्ही नक्की या,' असं त्याने फोनवर बजावलं होतं. आदल्या खेपेला आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते फलाटावर मिटवायचं होतं.

"दुपार कलली तरी मॅक्रो अर्ध्यावर. बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारतायत, 'ओ स्टोअरकीपर, यादी देता की इथेच म्हातारे होऊ?' साहेबांना फोन केला, तर म्हणे, 'यादी दिल्याशिवाय जागा सोडायची नाही.'"

"मग?"

"मग काय! तुझा काका काय साधा आहे? एस्केप दाबून मॅक्रो थांबवला. फाइल सेव्ह न करता बंद केली, पुन्हा उघडली, कोडमध्ये शिरलो. एकेक ओळ उचलत फिरणारा तो लूप असतो ना, त्याच्या आधी दोन ओळी घातल्या. एकीने स्क्रीन अपडेटिंग बंद, दुसरीने आपोआप होणारं कॅल्क्युलेशन बंद. लूप संपल्यावर दोन्ही पुन्हा चालू, म्हणजे सगळी आकडेमोड शेवटी एकदाच. बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली. "अगदी असंच करतात."

"आणि मग जे पळालं म्हणतेस! पडद्यावर ओळी सुसाट. वॉशर गेले, नळ गेले, एल्बो गेले, एकामागून एक, शाळा सुटल्यावर पोरं धावतात तशा. शेवटच्या ओळीपर्यंत मी डोळे भरून बघत राहिलो. यादी ड्रायव्हरच्या हातावर ठेवली, ट्रक काढले, कुलूप ठोकलं आणि असा धावलो की रस्त्यावरचं कुत्रं लाजून बाजूला झालं."

"आणि दादा?"

"उभा होता ना फलाटावर! बॅग खाली टाकून गळ्यात पडला. म्हणाला, 'बाबा, मला वाटलं तुम्ही रागावून येणारच नाही.' मी म्हटलं, 'वेडा आहेस का?' भांडण तिथेच मिटलं. गाडी सुटेपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही."

पंखा मान हलवत राहिला. पुतणी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे बघत होती. चहावर साय धरली होती.

"अजून एक सांगायचं राहिलं," मी घाईने म्हणालो, "त्या कुत्र्याचं—"

"काका." तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "स्क्रीन अपडेटिंग बंद केलं की पडदा जागच्या जागी गोठतो. लूप संपेपर्यंत एकही ओळ हलताना दिसत नाही. तुम्हाला एकेक ओळ जाताना दिसली, म्हणजे त्या दिवशी तुम्ही काहीच बंद केलं नव्हतं. ही युक्ती तुम्हाला नंतर कळली. तुम्ही स्टेशनावर पोचलाच नाहीत."